सुरक्षा : 3.5

चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजरची जागा भरायची होती. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणारं, तीन शिफ्टमध्ये चालणारं प्रेस शॉप. मी तिथे एचआरमध्ये होते. शेवटच्या फेरीत दोन उमेदवार उरले. त्यांना इथे अ आणि ब म्हणू. प्लांट हेड, मेंटेनन्सचे जनरल मॅनेजर, प्रॉडक्शन हेड आणि एचआरमधले माझे वरिष्ठ अशा चौघांनी दोघांची मुलाखत घेतली, प्रत्येकाने असेसमेंट शीट भरली आणि त्या आठ शीट माझ्या टेबलावर आल्या. त्यांवरून डायरेक्टरांसाठी एका पानाची शिफारशीची नोट करायची होती. डायरेक्टर दोघांपैकी कोणालाही भेटलेले नव्हते. शेवटचा शब्द त्यांचा होता आणि तो देताना त्यांच्यासमोर तेवढं एक पान असणार होतं.

शीटवर चार निकष होते: बिघाड शोधून काढण्याची हातोटी, देखभालीचं आणि स्पेअर्सचं नियोजन, माणसं सांभाळणं, आणि सुरक्षा. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. मी आकडे एक्सेलमध्ये भरले, सरासरी काढली. ब ची एकूण सरासरी 3.9 आली, अ ची 3.6. सुरक्षेच्या रकान्यात मात्र दोघांचीही 3.5. मी लिहिलं, "सुरक्षेबाबत दोन्ही उमेदवार समाधानकारक, एकूण गुणांत ब सरस." गणित बरोबर होतं. नोट तशीच वर गेली असती तर कोणी चूक काढली नसती. याच गोष्टीने मी आजही अस्वस्थ होते.

पाठवण्याआधी मी शीटच्या समासांतलं लिखाण पुन्हा वाचायला घेतलं. ब च्या शीटवर प्रॉडक्शन हेडनी पेन्सिलीने, घाईत लिहिलं होतं: "लाइट कर्टन सारखा ट्रिप होत होता. बायपास करून शिफ्ट पूर्ण केली. किती वेळ? चार तास. कोणाला विचारून? – 'डिस्पॅच अडला होता.'" त्यापुढे गुण, 2.

लाइट कर्टन म्हणजे प्रेसच्या तोंडाशी लावलेला, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. डाय खाली येत असताना कामगाराचा हात त्या पडद्यात गेला, की प्रेस जागच्या जागी थांबते. तो बायपास केला, की थांबत नाही. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत होणाऱ्या अपघातांवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून अहवाल काढते आहे. त्यात बोटं गमावलेल्या कामगारांची प्रकरणं पुन्हा पुन्हा येतात आणि पॉवर प्रेसचं नावही पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे समासातली ती पेन्सिलीची ओळ या जागेसाठी जमलेल्या साऱ्या माहितीत सर्वांत वजनदार होती. माझ्या नोटमध्ये तिचा मागमूस नव्हता.

उरलेल्या तिघांनी ब ला सुरक्षेत 4 दिले होते. समास कोरे. मी एकेकाला गाठून विचारलं, "सर, सुरक्षेवर तुम्ही काय विचारलं होतंत?" दोघांनी काहीच विचारलं नव्हतं. तिसऱ्यांनी विचारलं होतं, "सुरक्षेला तुम्ही किती महत्त्व देता?" या प्रश्नाला आजवर कोणत्या उमेदवाराने "फारसं नाही" असं उत्तर दिलं असेल? ब हा बिघाड शोधण्यात खरोखरच तयारीचा होता. हायड्रॉलिकचा दाब का पडतो, हे त्याने फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. इतका जाणकार माणूस सुरक्षेतही चांगलाच असणार, असं धरून तिघांनी 4 लिहिले. म्हणजे ब च्या 3.5 मध्ये तीन आकडे अंदाजाचे होते आणि एक आकडा विचारून, ऐकून, लिहून घेतलेला. सरासरीने चौघांना सारखं मत दिलं आणि जो एकटा पाहून आला होता त्याला न पाहिलेल्या तिघांनी झाकून टाकलं.

ही खोड जुनी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या एरवी वेगळ्या गोष्टींचे गुण एकमेकांना इतके चिकटून वरखाली होत होते, की गुण देणारे वेगवेगळे गुणधर्म पाहतच नव्हते हे उघड झालं. एका गोष्टीचं तेज बाकीच्यांवर पडत होतं. पॅनेल कितीही अनुभवी असलं तरी हे होतं. म्हणून नोट लिहिणाऱ्याचं पहिलं काम बेरीज करण्याचं नसून, प्रत्येक आकड्यामागे प्रश्न विचारला गेला होता का, हे पाहण्याचं आहे. विचारला नसेल तर तो आकडा नोटमध्ये घेऊ नये, त्या जागी "विचारलं नाही" असे दोन शब्द लिहावेत. असे रिकामे रकाने पाहून पॅनेलमधले वरिष्ठ नाराज होतात, हे मी अनुभवलं आहे. पण निर्णय घेणाऱ्याला "इथे आपल्याला माहीत नाही" हे कळणं फार गरजेचं असतं, आणि 4 हा आकडा ते कधीच सांगत नाही.

मग मी अ च्या शीटकडे वळले. सुरक्षेचे गुण 4, 3, 4, 3. मतभेद जवळपास नाही, म्हणून मी निर्धास्त होते. पण समास इथेही कोरेच होते. प्रॉडक्शन हेडना त्या दिवशी लाइनवरून फोन आला आणि ते वीस मिनिटं आधी उठून गेले होते. बायपासचा प्रश्न अ ला विचारलाच गेला नव्हता. म्हणजे ब चा 3.5 हा तीन अंदाज आणि एक इशारा यांचा होता, तर अ चा 3.5 निव्वळ अंदाजाचा. मी मात्र दोघांना एकाच वाक्यात "समाधानकारक" म्हणून मोकळी झाले होते.

चौघांना एकत्र बसवून चर्चा केली की अशी गोष्ट आपोआप वर येईल, असं वाटतं. तसं होईलच याचा भरवसा नसतो. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार-चार जणांच्या गटांना उमेदवार निवडायला सांगितलं होतं. काही माहिती सगळ्यांकडे होती, काही एकेकट्याकडेच. चर्चा व्हायची ती बहुतेक सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर. एकट्याकडची माहिती तोंडातून निघतच नसे, निघाली तरी टिकत नसे. आमच्या पॅनेलच्या बैठकीत हेच झालं होतं. ब ने फळ्यावर काढलेली आकृती तिघांनी पाहिली होती, तिच्यावर दहा मिनिटं बोलणं झालं. लाइट कर्टनची गोष्ट एकानेच ऐकली होती. ती त्यांनी मांडली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "प्रेस शॉपमध्ये एवढं चालतंच," आणि विषय पुढे सरकला. प्रॉडक्शन हेड गप्प बसले, पण आपला 2 त्यांनी बदलला नाही, कारण शीट त्यांनी मुलाखतीनंतर लगेच, बैठकीआधी भरून दिली होती.

शीट केव्हा भरली हे म्हणूनच महत्त्वाचं. बैठकीनंतर भरलेल्या शीटमध्ये वरिष्ठाचं मत झिरपलेलं असतं, आणि चार शीट हातात असूनही मत एकच असतं. ते ओळखता येतं. आमच्याकडे दोन शीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या होत्या, आणि दोन्हींत ब बद्दल "रिझल्ट ओरिएंटेड" हे एकच विशेषण होतं. बैठकीत तो शब्द प्लांट हेडनी वापरला होता. मी नोटमध्ये एवढंच लिहिलं, की चारपैकी दोन शीट चर्चेनंतर भरल्या आहेत. कोणावर ठपका ठेवण्याचा त्यात हेतू नव्हता. चार जणांचं एकमत झालं असं डायरेक्टरांना वाटू नये, इतकंच.

कोण हात राखून गुण देतं आणि कोण सढळ, हाही प्रश्न असतो. आमचे प्रॉडक्शन हेड कडक. त्यांच्याकडून 4 मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. त्यामुळे "त्यांचा 2 म्हणजे इतरांचा 3 समजा" असा सल्ला मला मिळाला. तो मी मानला नाही. कोणी वर्षभरात दहा-बारा मुलाखती घेतल्या असतील, तर त्यावरून त्याच्या कडकपणाचं गणित मांडून आकडे दुरुस्त करणं म्हणजे एका अंदाजावर दुसरा चढवणं. त्यापेक्षा आकडे जसे आहेत तसे, चारही, शेजारी शेजारी लिहावेत. "4, 4, 4, 2" हे पाहिलं की वाचणारा थबकतो आणि 2 कोणाचा, का, असं विचारतो. 3.5 पाहून कोणी काही विचारत नाही.

एकूण सरासरीतल्या 3.9 आणि 3.6 या फरकाचंही तसंच. मुलाखत भविष्याबद्दल किती सांगते याला मर्यादा आहे. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांची फेरतपासणी केली. सर्वांना तेच प्रश्न विचारून, ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत आणि नंतरची कामगिरी यांचा सहसंबंध त्यांना सरासरी 0.42 आढळला, मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा 0.19. संबंध पूर्ण असता तर तो आकडा 1 असता. निवडीच्या साधनांमध्ये नीट आखलेली मुलाखत त्या अभ्यासातही वरच्या स्थानावरच राहिली, पण अशा साधनातून निघालेल्या 0.3 च्या फरकावर "ब सरस" हे वाक्य उभं राहत नाही. त्यातून आमची मुलाखत आखलेली नव्हतीच. दोघांना वेगवेगळे प्रश्न गेले होते.

आता शब्दांबद्दल. अ च्या एका शीटवर लिहिलं होतं: "इंग्रजी कच्चं. लातूरकडचा. नुकतंच लग्न, टिकेल का?" आणि माणसं सांभाळण्याच्या निकषात 3. ही नोंद तीन तुकड्यांची आहे आणि तिन्हींची जात वेगळी. इंग्रजीबद्दलची गोष्ट पाहिलेली आहे. पण तिचा कामाशी संबंध किती? या जागेवरच्या माणसाला महिन्यातून एकदा मुख्यालयाच्या आढावा बैठकीत इंग्रजीत बोलावं लागतं. उरलेला महिना फिटर, इलेक्ट्रिशियन आणि ठेकेदाराची माणसं, सगळं मराठी-हिंदीत. म्हणून नोटमध्ये मी लिहिलं: "इंग्रजीतलं सादरीकरण अडखळत केलं, कामात गरज महिन्यातून एका बैठकीपुरती." लातूर आणि लग्न हे दोन्ही मी गाळले. त्यांचा कामाशी काही संबंध नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनात मात्र ते घर करतात. हीच नोंद एखाद्या मुलीबद्दल असती तर "नुकतंच लग्न" या दोन शब्दांनी तिची संधी तिथेच संपली असती, हे आपण सगळे जाणतो.

आडनावाचंही तेच. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा 2007 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. खासगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं कमी आलं. त्या पायरीवर फक्त अर्ज असतो. मुलाखतीच्या नोंदींत तर "आपल्यातला वाटतो", "मिसळेल", "थोडा वेगळा आहे" अशा शब्दांना मोकळं रान मिळतं. नोट लिहिणाऱ्याने असा शब्द जसाच्या तसा वर पाठवला तर तो पॅनेलचं मत म्हणून वर जातो. गुपचूप गाळला तर त्यावर आधारलेला गुण मागे राहतो आणि सरासरीत बसून राहतो. दुसरा धोका मला जास्त मोठा वाटतो, कारण तो दिसत नाही. म्हणून ज्या नोंदीतलं काही गाळलं, तिच्यासमोरचा गुणही मी त्या व्यक्तीकडे परत नेते आणि विचारते: "हे वजा केलं तर 3 राहतो का?" अ च्या बाबतीत माझ्या वरिष्ठांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "त्याने कामगारांच्या भांडणाची जी गोष्ट सांगितली ती चांगली हाताळली होती. 4 द्यायला हवे होते." ती गोष्ट शीटवर कुठेच नव्हती.

'संतुलित' या शब्दाने मला अनेक वर्षं चुकवलं. प्रत्येक उमेदवाराच्या तीन जमेच्या बाजू, तीन उण्या बाजू, दोन्हीकडे सारख्या ओळी. पान नीटनेटकं दिसतं आणि आपण कोणाची बाजू घेतली नाही याचं समाधान मिळतं. पण नोट पुन्हा लिहायला घेतली तेव्हाही ब च्या उण्या बाजूंत "लाइट कर्टन बायपास केला" याच्या शेजारी "प्रेझेंटेशनमध्ये स्लाइड जास्त" ही ओळ मी केवळ तीनची संख्या भरायला घातली होती. दोन ओळी एकाच मापाच्या अक्षरांत एकाखाली एक आल्या की वाचणारा त्यांना एकाच तोलाच्या समजतो. ज्याच्यात खोट एकच आणि मोठी, त्याची खोट हलकी होते. ज्याच्यात दाखवण्यासारखी खोट नाही, त्याच्या नावावर एखादी उगाच चढते. तोल सांभाळायचा तो पुराव्याचा. पुरावा एका बाजूला जास्त असेल तर पानही तिकडे झुकलेलं दिसायला हवं.

वाक्यातल्या क्रमानेही बरंच काही ठरतं. "तांत्रिक ज्ञान उत्तम, मात्र सुरक्षेबाबत थोडं मार्गदर्शन लागेल." हे वाक्य मी दुसऱ्या मसुद्यात लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर मला त्याची भीती वाटली. 'थोडं' हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. 'मार्गदर्शन लागेल' हेही कोणाचं मत नव्हतं. चार तास बायपास केलेल्या प्रेसचं त्या वाक्यात काहीच उरलं नव्हतं; प्रॉडक्शन हेडच्या 2 ला मी परस्पर 3 करून टाकलं होतं, फक्त शब्दांत. नोट लिहिणारा असा शब्दाशब्दाने निर्णय घेत जातो, आणि सही मात्र दुसऱ्याची असते. त्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे: जिथे पॅनेलमध्ये फूट आहे तिथे माझं वाक्य लिहायचंच नाही, ज्याने पाहिलं त्याची नोंद त्याच्याच शब्दांत, नाव घालून उतरवायची. आणि वर पाठवण्याआधी ते पान चौघांनाही दाखवायचं, एकच प्रश्न विचारून: "तुमचं म्हणणं यात तुम्हाला ओळखू येतं का?"

तिसऱ्या मसुद्यात मी शिफारस केलीच नाही. लिहिलं, की सुरक्षेच्या निकषावर दोघांपैकी एकाबद्दल गंभीर प्रश्न आहे आणि दुसऱ्याबद्दल माहिती नाही. दोघांना पुन्हा वीस-वीस मिनिटं बोलवावं, दोघांना तेच तीन प्रश्न विचारावेत, मगच शिफारस व्हावी. फक्त ब ला बोलावणं सोपं होतं, पण मग अ केवळ न विचारल्यामुळे निर्दोष ठरला असता.

प्रश्न प्रॉडक्शन हेडनीच तयार केले. प्रेसचं सुरक्षा साधन बायपास करण्याची वेळ तुमच्यावर आली तेव्हाची एक घटना सांगा. बायपासची किल्ली कोणाकडे असते, कोणाच्या सहीने मिळते? मशीन दुरुस्तीला उघडण्याआधी वीज कशी तोडता, कुलूप कोण लावतं, किल्ली कोणाच्या खिशात राहते? उत्तरं शब्दशः लिहून घ्यायची, गुण बैठकीआधी द्यायचे.

ब ने ती घटना नाकारली नाही. किल्ली तेव्हा शिफ्ट सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये असायची, कोणीही घ्यायचं. त्या घटनेनंतर महिनाभराने शेजारच्या लाइनवर एका मुलाचा हात थोडक्यात वाचला, तेव्हा त्याने किल्ली मेंटेनन्सच्या ताब्यात घेतली आणि दोन सह्यांचं रजिस्टर सुरू केलं. सगळं तपशिलाने सांगितलं, पहिल्या वेळी का नाही सांगितलं असं विचारल्यावर म्हणाला, "सर, तेव्हा मी 'डिस्पॅच' म्हटलं आणि तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात." अ म्हणाला, "आमच्याकडे बायपास कधीच होत नाही." किल्ली कोणाकडे असते हे त्याला सांगता आलं नाही. कुलपाबद्दल तो म्हणाला, ते इलेक्ट्रिशियन बघतो.

दोघांचे नवे गुण चौघांनी वेगवेगळे लिहून दिले. ब ला 3, 4, 3, 2. अ ला 2, 3, 2, 2. अंतिम नोटमध्ये दोघांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत घातली, खाली आकडे शेजारी शेजारी, आणि एका ओळीत शिफारस: तिघांचा कल ब कडे, प्रॉडक्शन हेडची हरकत कायम. त्यांची हरकतही त्यांच्याच शब्दांत: "रजिस्टर अपघात टळल्यावर सुरू झालं. माझ्या लाइनवर मला ते आधी हवं."

डायरेक्टरांनी पान दोन दिवस ठेवून घेतलं. मग ब ला घेतलं, पण ऑफर लेटर जाण्याआधी प्रेस शॉपमधल्या सगळ्या बायपास किल्ल्या सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात हलवायला सांगितल्या. फाइल बंद करताना मी प्रॉडक्शन हेडना विचारलं, निवड तर झाली, तुमची हरकत नोटमध्ये तशीच ठेवू का? ते म्हणाले, "ठेवा मॅडम. आणि तो 2 पण खोडू नका."